‘मायले इथंच बोलवा’ : हरवण्याच्या खेळाच्या नोंदी

६ जानेवारी

पुढच्या महिन्यात गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला अर्धं गाव शेगावला जाईल. मूर्तिजापूरहून रेल्वेनं, अकोला मागे टाकून. लेकरं सोबत असतातच, घरी ठेवायला कोणी नसतं. मागच्या वर्षी आमच्या दुसरीतला एक मुलगा तिथल्या गर्दीत दीड तास सापडला नव्हता. सापडला तेव्हा तो मंदिराच्या जवळपासही नव्हता. आई पुढे गेली असेल असं समजून तो चालत राहिला होता आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागला होता. आई त्याला मागे शोधत होती. दोघंही चालत होती, म्हणूनच दीड तास गेला.

शाळेत पहिली आणि दुसरी मिळून २३ मुलं आहेत. अंगणवाडीतली मोठ्या गटातली ७ मुलं सेविकाताई रोज शेवटच्या तासाला आणून बसवतील. सहा आठवडे रोज वीस मिनिटं नाटकातून हे शिकवायचं ठरवलं. मुलांची नावं या नोंदीत लिहिणार नाही.

८ जानेवारी

शिकवण्याआधी मुलांना काय येतं ते पाहिलं. एकेकाला जवळ बोलावून विचारलं, ‘तू हरवलास तर काय करशील?’ बहुतेकांनी सांगितलं, ‘पोलिसाले सांगीन.’ पाठ केलेलं उत्तर आहे. मग विचारलं, ‘आईचं नाव काय?’ नऊ मुलांना सांगता आलं नाही. दोघांनी ‘आई’ असंच सांगितलं. चौघांना नाव माहीत होतं, पण तोंडातून निघेना. एकीनं कानात येऊन सांगितलं, तेही इकडेतिकडे बघून.

आपल्याकडे मोठ्यांचं नाव घेत नाहीत, हे मला माहीतच होतं. पण गर्दीत शंभर लेकरं ‘आई, आई’ म्हणतात. त्यातली कोणती हाक आपली, हे आईला कळत नाही. तिच्या स्वतःच्या नावानं हाक आली की मात्र मान आपोआप वळते. म्हणून पहिला धडा नावाचा.

१० जानेवारी

वहीत रोजचा क्रम लिहून ठेवला. आधी मी सांगायचं, मग सेविकाताई आणि मी करून दाखवायचं, मग मुलानं करायचं, आणि चुकलं तर त्याच क्षणी थांबवून पुन्हा करून घ्यायचं. ‘उद्या बघू’ असं म्हणायचं नाही. पाच-सहा वर्षांच्या लेकराला कालची चूक आज आठवत नाही.

मुलांना चारच गोष्टी शिकवायच्या. जिथं आहेस तिथं थांब. आईला नावानं मोठ्यानं हाक मार. दहा-बारा हाकांनंतरही ती आली नाही, तर लेकरू सोबत असलेल्या बाईला किंवा दुकानात, खिडकीत बसलेल्या माणसाला सांग. आणि कोणी ‘चल’ म्हटलं तर एकच वाक्य म्हण :

‘मी इथंच थांबतो. माह्या मायले इथंच बोलवा.’

हे वाक्य सापडायला दोन दिवस लागले. आधी मी ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ असं शिकवणार होते. पण हरवलेल्या लेकराच्या भोवती सगळेच अनोळखी असतात. बोललं नाही तर मदत कुठून मिळणार? म्हणून बोलायला मनाई नाही, जागा सोडायला मनाई आहे. जो खरंच मदत करायला आला आहे त्याचं या वाक्यानं काही अडत नाही, तो आईला शोधून आणू शकतो. आणि ज्याच्या मनात वाईट आहे, त्याचं सगळं काम लेकराला तिथून हलवण्यावरच अवलंबून असतं.

१६ जानेवारी, गुरुवार, बाजाराचा दिवस

आज मुलांना न नेता सेविकाताई आणि मी दोघीच बाजारात गेलो. पहिलीतल्या मुलाच्या डोळ्यांची उंची टेपनं मोजून घेतली होती, एक मीटरच्या आसपास भरली. सांबार आणि मेथी विकणाऱ्या मावशींच्या रांगेत मी गुडघ्यावर बसले आणि तेवढ्या उंचीवरून पाहिलं.

दिसले ते पायजमे, लुगड्यांचे काठ, पिशव्या, सायकलची चाकं. माणसाचा चेहरा दिसायला मान मागे टाकावी लागत होती. बंदोबस्तावरचा होमगार्ड माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, पण मला त्याचे फक्त बूट आणि पट्टा दिसत होते, तेही मधला माणूस हलला की. खाकी शर्ट दिसलाच नाही. मग ‘पोलीस शोध’ म्हणून आपण लेकराला गर्दीत फिरायलाच लावतो.

जे दिसत होतं ते हे : जमिनीवर बसलेल्या मावश्या, त्यांच्या मांडीवरची लेकरं आणि आलूबोंड्याच्या गाड्याचा खालचा पत्रा. म्हणून ‘बसलेली बाई, दुकानातला माणूस’ हे पहिल्या क्रमांकावर ठेवलं. जो एका जागी बसून धंदा करतो, त्यानं लेकराला घेऊन उठून जाणं अवघड असतं आणि त्याला आसपासचे सगळे ओळखतात. गणवेश दिसला तर चांगलंच, पण शोधत जायचं नाही.

२० जानेवारी

अंगणात चुन्यानं बाजार आखला. पोत्यांची दुकानं मांडली. दुसरीची मुलं गर्दी झाली, पहिलीचं एकेक मूल हरवणारं. खेळातल्या आईचं नाव सुनीता ठेवलं, म्हणजे मुलांना संकोच वाटणार नाही. दोन दिवस ‘सुनीता! सुनीता!’ झालं, तिसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या आईचं नाव घेतलं.

संध्याकाळी एक आजीबाई शाळेत आल्या. रागावल्या होत्या. ‘मॅडम, हे काय शिकवता? लेकरानं मायचं नाव घ्यावं काय?’ मी त्यांना पाणी दिलं आणि मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली. तो मुलगा त्यांच्याच भावकीतला होता. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, ‘घरी नाई घेईन नं पण? जत्रेतच घेईन?’ मी म्हटलं, जत्रेत आणि स्टेशनवरच. हा त्यांचाच नियम मी दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितला आणि त्यांचा उरलेला संकोच गेला. मला हे आधी सुचायला हवं होतं.

२३ जानेवारी

फोन नंबर. दहा आकडे पहिलीच्या मुलाला एका दमात येत नाहीत. तीन, तीन आणि चार असे तुकडे करून टाळीवर म्हणून घेतले. ‘अठ्ठ्याण्णव’, ‘त्र्याऐंशी’ असं म्हणायचं नाही, एकेक आकडा म्हणायचा, कारण फोनवर तसाच दाबायचा असतो. जुन्या बटणाच्या फोनवर प्रत्येकाकडून दाबून घेतला.

इथं एक अडचण निघाली. पाच मुलांनी पाठ केलेल्या नंबरांपैकी तीन बंद निघाले. रिचार्ज संपलेला, सिम बदललेलं. दोघांचा नंबर वडिलांचा होता, आणि जत्रेत लेकरू जातं आईबरोबर. त्यामुळे घरोघरी जाऊन विचारलं की त्या दिवशी चालू असणारा, सोबत असणारा फोन कोणता, आणि तोच शिकवला.

सोबत १०९८ शिकवला. दहा, नऊ, आठ. मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असते. घरचा नंबर विसरला तरी हा विसरत नाहीत, उतरत्या पायऱ्यांसारखा आहे.

अंगणवाडीतल्या मुलांना नंबराच्या भानगडीत घातलं नाही. चार-साडेचार वर्षांचं लेकरू घाबरलं की स्वतःचं नावही विसरतं. त्यांना फक्त थांबणं आणि हाक मारणं.

३० जानेवारी, गुरुवार

आज खरा बाजार. हरवणं हे नाटक आहे असं मुलांना कळणार नव्हतं. आठ मुलांच्या आयांना आधी घरी जाऊन समजावलं होतं, त्यांनी हो म्हटलं तरच मूल निवडलं. ठरलेल्या जागी आई दोन पावलं मागे सरून कापडाच्या दुकानामागे जायची. मी आणि सेविकाताई दोन बाजूंनी मुलावर नजर ठेवून. दोन मिनिटांवर लांबवायचं नाही, आणि मूल रडायला लागलं तर त्याच क्षणी आईनं समोर यायचं.

शाळेच्या अंगणात ही आठही मुलं न चुकता करत होती. बाजारात तिघंच जागेवर थांबली. चौघं चालायला लागली, दोघं तर पळत सुटली. आठव्या मुलीला आम्ही वीस सेकंदांतच आईकडे दिलं, तिचे ओठ थरथरायला लागले होते. थांबलेल्या तिघांपैकी दोघांनी ‘आई’ अशीच हाक मारली, नावानं एकीनंच.

रात्री झोप लागली नाही. चालणाऱ्या मुलांना काय करायचं ते येत नव्हतं असं नाही. त्यातल्या एकाला मी लगेच विचारलं, ‘हरवल्यावर काय करायचं?’ डोळे पुसत त्यानं चारही गोष्टी बरोबर सांगितल्या. तोंडाला येत होतं, पायांना येत नव्हतं.

३१ जानेवारी

दोघी बसून फरक शोधला. अंगणात मीच ‘आता तू हरवलास’ असं सांगत होते. खऱ्या हरवण्यात असं कोणी सांगत नाही. मुलाला आधी स्वतःलाच कळावं लागतं की आपण हरवलो, आणि कळण्याच्या त्या क्षणी पाय पळतात. म्हणजे खेळ त्या क्षणापासून सुरू व्हायला हवा.

दुसरा फरक आवाजाचा. अंगण शांत होतं.

म्हणून खेळ बदलला. गर्दी झालेली मुलं आता मोठ्यानं ओरडत फिरतात, मी मोबाइलवर स्टेशनच्या घोषणा मोठ्या आवाजात लावते, आणि आई झालेली मुलगी कधी नाहीशी होईल हे कोणालाच माहीत नसतं. ‘आई दिसत नाही’ असं ध्यानात आलं की पहिलं काम पायांचं : दोन्ही पाय जोडायचे आणि जवळचा खांब, भिंत किंवा खाट हातानं धरायची. हाताला धरायला काही मिळालं की पाय थांबतात. हे मला एका मुलीकडून समजलं. बाजारात थांबलेल्या तिघांतली ती एक, तिनं मंडपाचा बांबू घट्ट धरला होता.

५ फेब्रुवारी

ओळखीचा एक होमगार्ड खाकी गणवेशात आला. ‘मदत करणारा’ म्हणून त्याला खेळात घेतलं. त्याला बघताच अंगणवाडीतली दोन मुलं सेविकाताईंच्या पदरात शिरली आणि पहिलीतला एक वर्गात पळाला. विचारल्यावर म्हणाला, ‘पोलीस धरून नेते. जेवलं नाई त नेते.’

घराघरात हे चालतं. जेवत नाही, झोपत नाही, की पोलिसाला बोलावतो. म्हणून संध्याकाळी पालकांची बैठक घेतली. कापसाची शेवटची वेचणी सुरू आहे, तरी सतरा आया आणि चार बाबा आले. एकच मागणं केलं : निदान प्रकट दिन होईपर्यंत पोलिसाचा धाक दाखवू नका. एका बाबांनी विचारलं, मग जेवायला कसं लावायचं? बायकांनीच त्यांना उत्तर दिलं.

होमगार्डदादा दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. टोपी काढून जमिनीवर बसले, मुलांनी टोपी घालून पाहिली. तो पळालेला मुलगा शेवटी आला.

११ फेब्रुवारी

आज फलाट. चुन्याच्या दोन रेघा म्हणजे रूळ, एक पिवळी पट्टी, बाकांची गाडी.

स्टेशनवर ‘तिथंच थांब’ याला एक अपवाद करावा लागतो. पिवळ्या पट्टीजवळ किंवा जिन्यावर थांबायचं नाही. पट्टीपासून मागे सरून जवळच्या खांबाला टेकायचं. जिन्यावर असेल तर कठडा धरून गर्दीबरोबर खाली उतरायचं आणि शेवटच्या पायरीशी बाजूला थांबायचं. गर्दीच्या उलट वर चढायचं नाही.

मग सगळ्यात अवघड प्रसंग घेतला : अकोल्याला गाडी थांबली, आई बाटली भरायला उतरली, गाडी सुटली, लेकरू डब्यात राहिलं. पहिल्यांदा नऊपैकी सात मुलं ‘गाडीतून’ उडी मारून आईकडे धावली. हीच चूक जीव घेते. हा प्रसंग चार दिवस रोज केला. गाडी हलली की मूल बाकाला दोन्ही हातांनी धरतं, बसूनच राहतं, आणि डब्यातल्या लेकरूवाल्या बाईला किंवा काळ्या कोटातल्या तिकीट तपासनिसाला सांगतं : ‘माही माय खाली राहिली.’ पुढे नाव, गाव, तालुका, फोन नंबर. तालुका सांगायचाच, आपल्या गावाच्या नावाची गावं आणखी आहेत.

या प्रसंगात आईचंही काम असतं, म्हणून खेळात खऱ्या आया घेतल्या. पहिल्यांदा दोघी रुळांच्या कडेनं गाडीमागे धावल्या. आईनं गाडीमागे धावायचं नाही. फलाटावरच्या रेल्वे पोलिसाला किंवा स्टेशन मास्तरला तिथल्या तिथं सांगायचं, किंवा १३९ वर फोन लावायचा. गाडीचं नाव आणि डबा सांगता आला तर पुढच्या थांब्यावरचे पोलीस थेट त्या डब्याशी जाऊन लेकराला उतरवून घेतात. जनरल डब्याला आपण कधी बघत नाही, पण प्रत्येक डब्यावर बाहेरून नंबर रंगवलेला असतो. चढताना मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायचा, एवढंच बायकांना सांगितलं. सगळ्यांनी सरावासाठी शाळेच्या टाकीवरच्या नंबराचा फोटो काढला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाजारात दुसरी परीक्षा, त्याच आठ मुलांची, दुसऱ्या कोपऱ्यात. आईची संमती पुन्हा घेतली. ओठ थरथरलेल्या मुलीच्या आईनं नको म्हटलं, तिला सोडलं. उरलेल्या सातपैकी सहा थांबली, चौघांनी नावानं हाक मारली. मग मुलांना न ओळखणारे एक गृहस्थ, दुसऱ्या शाळेतले शिक्षक, त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, ‘चाल, मी तुले तुह्या मायपाशी नेतो.’ पाच मुलांनी ते वाक्य म्हटलं. एकानं काही न बोलता त्यांचं बोट धरलं आणि चालायला लागला.

त्या मुलाकडून मी रोज वेगळं करून घेते आहे. त्याला नाही म्हणणं जमत नाही, घरीही मोठ्यांचं सगळं ऐकणारा आहे. त्याच्या आईला सांगितलं की प्रकट दिनाला याचा हात सोडायचाच नाही.

१७ फेब्रुवारी

अंगणवाडीतल्या मुलांसाठी चिठ्ठीचा प्रश्न. बॉलपेननं हातावर नंबर लिहून पाहिला, हापशीवर दोनदा हात धुतल्यावर पुसट झाला. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर न पुसणाऱ्या मार्करनं लिहून ती कॉलरच्या आतून शिवली, ती धुण्यात टिकली. बाहेरून दिसेल असं नाव कुठेच लिहायचं नाही. अनोळखी माणसानं नावानं हाक मारली की लेकराला तो ओळखीचा वाटतो.

२४ फेब्रुवारी

सगळी परत आली. एकाच मुलाची हकीकत लिहिते, दुसरीतला, बाजारात दोन्ही वेळा थांबलेला.

परतीला शेगाव स्टेशनवर पुलाच्या पायथ्याशी गर्दीत आईचा हात सुटला. त्यानं शेवटच्या पायरीजवळचा कठडा धरला आणि आईचं नाव घेऊन ओरडला. आई वीस-पंचवीस पावलं पुढे गेली होती, गोंधळात तिला ऐकू आलं नाही. एका बाईंनी त्याला पाहिलं. त्यांच्यासोबत त्यांची मुलगी होती, म्हणून यानं त्यांना सांगितलं. इथपर्यंत सगळं शिकवल्यासारखं झालं.

पण त्या बाई त्याचा हात धरून त्याला चौकशीच्या खिडकीकडे न्यायला लागल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. यानं कठडा सोडला नाही. ‘मायले इथंच बोलवा’ म्हणत राहिला. बाईंनी ओढलं, तो रडायला लागला, लोक जमले, कोणी म्हणालं पोरगं हट्टी आहे. तेवढ्यात आई मागे आली. तिला कठड्याशी जमलेली गर्दी दिसली, आणि तोही तिथंच होता. चार-पाच मिनिटांचा प्रकार. ओढल्याची खूण मनगटावर अजून आहे.

आईनं मला विचारलं, तो चुकला काय? मी नाही म्हटलं. मी त्याला पुन्हा कठडा धरून दाखवायला लावलं आणि वर्गासमोर सांगितलं की अगदी असंच करायचं.

चुकलं माझं. मी सहा आठवडे फक्त हरवणाऱ्या लेकराला शिकवलं, त्याला भेटणाऱ्या माणसाला शिकवलंच नाही. हरवलेलं लेकरू दिसलं तर मोठ्या माणसानं त्याच्यापाशीच थांबायचं, त्याच्या उंचीला वाकायचं, नाव-नंबर विचारून तिथूनच फोन लावायचा किंवा दुसऱ्या कोणाला खिडकीकडे पाठवायचं. आई मागे येणार ती याच जागेवर. कोणीच आलं नाही तरच रेल्वे पोलिसांना तिथं बोलावून घ्यायचं.

२६ फेब्रुवारी

महिला बचत गटाच्या बैठकीत वीस मिनिटं मागितली, मिळाली. शुक्रवारी खेळ उलटा होईल. कठडा धरून रडणारं लेकरू मी होणार, आणि बायका एकेक करून माझ्याजवळ येतील. कठडा म्हणून समाजमंदिरातली लांब बाकडी. कठडा धरलेला तो मुलगा बघायला येणार आहे, त्यानं स्वतः विचारलं.